वेर्ण्यात नोकरी, वेर्ण्यातच मुलाखत: सकाळची किंवा संध्याकाळची वेळ कशी मागू?

मोगरा_फोंडा · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी फोंड्याला राहते आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, सहा वर्षं झाली. जनरल शिफ्ट, साडेआठ ते पाच. कंपनीची बस कुर्टीहून सात पंचवीसला सुटते आणि संध्याकाळी घरी पोचायला सहा-सव्वासहा होतात. बोरीच्या पुलावर अडकलो तर साडेसहासुद्धा.

मी दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केला होता. तीही वेर्ण्यातच, आमच्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर. शुक्रवारी सकाळी त्यांच्या एचआरचे तीन फोन येऊन गेले, पण लॅबमध्ये फोन न्यायचा नसतो, तो लॉकरमध्ये होता. मी जेवायला कँटीनमध्ये बसले आणि फोन टेबलावर ठेवला, तेवढ्यात चौथा आला. स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘एचआर’, स्वच्छ अक्षरात. शेजारी माझ्याच सेक्शनची मुलगी जेवत होती. ती काही बोलली नाही, पण तिने वाचलं हे मला कळलं. दोन दिवस झोप नाही.

आता त्यांचा मेल आलाय: बुधवारी साडेअकरा वाजता पहिली फेरी. त्या वेळी माझी एचपीएलसी यंत्रावरची तपासणी चालू असणार, मध्येच उठून जाता येत नाही. मला सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची वेळ मागायची आहे. पण मागितली तर ‘हिला फारशी गरज दिसत नाही’ असं वाटेल का? आणि कारण काय सांगायचं? वेर्णा किती लहान आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको.

निखळ · रविवार, रात्री ९.३२

एवढं काय त्यात? सरळ सांग की सकाळी आठला येते. पाऊण तासात मुलाखत होते, नऊला आपल्या कंपनीत. गेटवर सांगायचं बस चुकली. मी मागच्या वर्षी पिळर्ण्यात असंच केलं होतं.

दुसरं म्हणजे औषध कंपन्यांचे रविवारचे वॉक-इन असतात ना, हॉटेलात घेतात ते. तिथे जा. रजाच लागत नाही.

मास्तर_डिचोली · रविवार, रात्री ९.५५

ताई, मुलाखतीला जाण्याआधी सध्याच्या संस्थेकडून ना हरकत दाखला घेतलात का? माझ्या बाबतीत अर्जच खात्यामार्फत पाठवावा लागला होता. दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून एकदा मुलाखत देऊन आल्यावरही माझं नाव मागे पडलं होतं. आधी वरिष्ठांना लेखी कळवावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

तांबडी_माती · रविवार, रात्री १०.०४

मास्तर, ते सरकारी नोकरीत. खाजगीत अर्ज करण्यापूर्वी असा दाखला कुणी मागत नाही. तिथे शेवटी राजीनामा स्वीकारल्याचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर लागतं, तेही ऑफर मिळाल्यावर. हिने आत्ता वरिष्ठांना लेखी कळवलं तर जी गोष्ट लपवायची तीच जाहीर होईल.

भरतीवाला_म्हापसा · रविवार, रात्री ११.२०

मी चौदा वर्षं कारखान्यांसाठी माणसं भरतो, त्यातली बरीच वर्षं वेर्ण्यात आणि कुंडईत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली शंका आधी काढून टाका. नोकरीत असलेल्या माणसाने कामाच्या वेळेबाहेरची वेळ मागितली तर आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट दिवसाढवळ्या कधीही यायला तयार असलेल्या उमेदवाराला मी विचारतो, ‘रजा कशी मिळते तुम्हाला?’ आम्हाला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. उमेदवार नुसतं ‘संध्याकाळी चालेल का’ असं लिहितो. मग मी विचारायचं कुठली संध्याकाळ, तो सांगणार गुरुवार, मी पॅनेलला विचारणार, गुरुवारी त्यांना जमत नाही, परत फोन, आणि तो फोन लॉकरमध्ये. तीन दिवस असेच जातात आणि तोवर दुसऱ्याची मुलाखत होऊन गेलेली असते. माणूस बाद होतो तो या खेळात. वेळ मागितली म्हणून बाद झालेला मी पाहिलेला नाही.

म्हणून उत्तर आज रात्रीच द्या आणि एकाच मेलमध्ये सगळं सांगा. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा ठेवा:

‘बुधवारच्या वेळेबद्दल आभार. मला ही मुलाखत द्यायची आहे. मी सध्या नोकरीत आहे आणि साडेसात ते सहा या वेळात फोन जवळ नसतो, त्यामुळे बुधवारी साडेअकराला जमणार नाही. पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घेता आली तर मंगळवारी, बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ यात कधीही जमेल. प्रत्यक्ष भेटीसाठी तीन कामाचे दिवस आधी कळवलंत तर रजा घेऊन येईन. माझ्या सध्याच्या कंपनीत याबद्दल कुणाला माहीत नाही, तेव्हा कृपया तिथे कुणाशी संपर्क करू नये. निरोप याच मेलवर द्यावा, फोन करायचा असल्यास सहानंतर करावा.’

बस. माफी नको, कहाणी नको. यात तुम्ही एक वेळ नाकारताय, पण तीन देताय आणि प्रत्यक्ष भेटीची सोयही सांगताय. ‘फोन जवळ नसतो’ हे खरं कारण आहे आणि औषध कंपनीतल्या कुठल्याही एचआरला ते लगेच पटतं.

सात म्हणा, साडेसहा म्हणू नका. बस उशिरा आली आणि तुम्ही बोरीच्या पुलावर बसूनच कॅमेरा चालू केला, असं होता कामा नये. बसमध्ये तुमचेच लोक असतात.

सकाळची वेळ मी मुद्दाम घातली नाही. आयटीवाले सकाळी आठला मुलाखत घेतात, त्यांना चालतं. कारखान्यात तसं नसतं. क्यूसी हेड आणि प्लँट हेड साडेआठला आत येतात आणि लगेच रोजच्या मीटिंगला बसतात, आदल्या रात्रीचं उत्पादन, अडकलेले बॅच वगैरे. तुमच्यासाठी पहाटे साडेसहाला घरून व्हिडिओवर येणारा हेड मला अजून भेटायचाय. संध्याकाळी मात्र तेही घरी पोचलेले असतात, जेवणाआधी अर्धा तास देतात.

मोगरा_फोंडा · रविवार, रात्री ११.४१

खूप आभार. मेल पाठवला, जवळजवळ तुम्ही लिहिलाय तसाच. एक विचारू? दुसरी फेरी तर प्रत्यक्ष होईल, प्लँट दाखवतात ना. तेव्हा निखळ म्हणतात तसं सकाळी आठला मागू का? रजा वाचेल. माझ्याकडे सहाच उरल्यात आणि गणेश चवथीला चार लागणारच.

भरतीवाला_म्हापसा · सोमवार, सकाळी ६.५०

नको. निखळ यांचं पिळर्ण्यात जमलं असेल, त्यांची स्वतःची कंपनी कुठे होती त्यावर ते अवलंबून आहे. वेर्ण्यात काम करून वेर्ण्यातच मुलाखत द्यायची तर सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच या सगळ्यात उघड्या वेळा.

जरा डोळ्यांसमोर आणा. पावणेआठ ते साडेआठ या वेळात फोंड्याच्या, मडगावच्या, वास्कोच्या, पणजीच्या सगळ्या बसा वसाहतीत शिरतात. प्रत्येक गेटवर लोक उतरतात, गाड्यावर चहा घेतात, पातळभाजी-पाव खातात. तुम्ही नेहमीच्या बसमध्ये नाही, आणि तीच बस दुसऱ्या कंपनीच्या गेटवर तुमच्या शेजारून जाते. खिडकीत चाळीस डोळे. संध्याकाळी पाच ते साडेपाच परत तेच.

अकरा वाजता तोच रस्ता रिकामा असतो. माल नेणारे ट्रक आणि कुरियरवाले. तुमचे सगळे सहकारी आत, त्यांचे फोन लॉकरमध्ये. म्हणून प्रत्यक्ष फेरीसाठी साडेदहा ते बारा यात वेळ मागा आणि पूर्ण दिवस रजा घ्या. अर्धी रजा घेऊ नका. मुलाखतीत लेखी परीक्षा निघते, प्लँट हेड ऑडिटमध्ये अडकतो, आणि तुम्ही दीड वाजता घामाघूम होऊन दुसऱ्या गेटवर धावताय.

शनिवारचंही बघा. तुमच्याकडे दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असेल आणि तिकडे काम चालू असेल तर त्याहून उत्तम वेळ नाही. हे मेलमध्येच विचारता येतं.

रविवारच्या वॉक-इनबद्दल: पहिली नोकरी शोधणाऱ्याला ते ठीक. तुमच्या बाबतीत त्या हॉटेलच्या लॉबीत अर्धं क्यूसी खुर्च्यांवर बसलेलं असेल.

निखळ · सोमवार, सकाळी ८.१५

हे मान्य. माझी कंपनी तेव्हा कुंडईला होती, पिळर्ण्यात मला ओळखणारं कुणी नव्हतं. पण वॉक-इनला तुमचे लोक दिसले तर तेही त्याच कामाला आलेले असतात की. कोण कुणाचं सांगणार?

साळावली · सोमवार, दुपारी १.२०

सांगतात, निखळ. माझ्या बाबतीत झालंय. मी आणि माझी एक सहकारी, दोघी एकाच दिवशी वॉक-इनला होतो, एकमेकींना बघून हसलो, चहासुद्धा एकत्र घेतला. तिला नोकरी मिळाली नाही, मला दुसरी फेरी मिळाली. आठवड्याने माझ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ‘तुमचं इथे मन नाही असं ऐकतो’ म्हटलं. तिनेच सांगितलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या वर्षीची माझी पगारवाढ गेली आणि नवी नोकरीही मिळाली नाही. मोगरा, त्या कँटीनमधल्या मुलीला आपणहून काही समजावायला जाऊ नकोस. ती विचारणार नाही तोवर विषय नको.

तांबडी_माती · सोमवार, रात्री ८.०५

व्हिडिओच्या फेरीबद्दल एक गोष्ट माझ्याकडून, कारण यात मी स्वतः पोळलोय. मी पर्वरीहून बंगळूरच्या कंपनीसाठी काम करतो. मुलाखतीचं निमंत्रण माझ्या स्वतःच्या जीमेलवर आलं, लिंक Teams ची. रात्री आठला मी फोनवर लिंक दाबली. फोनमध्ये Teams होतं ते ऑफिसच्या खात्याचं. मी त्याच खात्याने आत गेलो. समोरच्यांना माझ्या नावासोबत माझ्या कंपनीचं नाव दिसलं, ते एक वेळ चाललं असतं. पण माझ्या टीमला मात्र माझ्या नावापुढे लाल ठिपका दिसला, ‘In a call’. लीडने मेसेज टाकला, ‘एवढ्या रात्री कुणाशी बोलतोयस, क्लायंट का?’ काय उत्तर देणार.

म्हणून आता मी घरच्या लॅपटॉपवर, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत लिंक उघडतो आणि खात्याशिवाय, पाहुणा म्हणून, फक्त नाव टाकून आत जातो. आदल्या दिवशी एकदा करून बघतो. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा वायफाय, ऑफिसचं कॅलेंडर, यातलं काहीही त्या कामाला लावत नाही. काही जण ऑफिसच्या कॅलेंडरवर ‘खाजगी’ म्हणून नोंद करतात. मजकूर दिसत नाही हे खरं, पण तुम्ही त्या वेळी मोकळे नाही हे सगळ्यांना दिसतं. आठवड्यात तीनदा तसं दिसलं की लोक जोडायचं ते जोडतात.

आणि फोनची सूचना लॉक स्क्रीनवर मजकुरासकट येते ती बंद कर. कँटीनमध्ये फोनमुळे झालं तसं परत मेलमुळे व्हायला नको.

मोगरा_फोंडा · मंगळवार, रात्री ९.१५

त्यांचं उत्तर सोमवारी दुपारीच आलं होतं, मी संध्याकाळी पाहिलं. ‘गुरुवारी सव्वासात, व्हिडिओवर’ एवढंच. मी उगाच इतकी घाबरले होते.

Teams माझ्या फोनवर नाही, पण सूचना बंद केल्या. लिंक भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघितली. घरात आवाज असतो म्हणून मागच्या खोलीत बसणार, आईला सांगून ठेवलंय की सात ते आठ कुकर लावायचा नाही.

कुळागर · मंगळवार, रात्री १०.३०

मला हे सगळं वाचून वाईट वाटतं. सहा वर्षं जिथे काम केलं तिथल्या साहेबांना एक शब्द विश्वासाने सांगता येत नाही? मी माझ्या साहेबांना आधी सांगितलं होतं की मी बाहेर बघतोय. त्यांनी रजा दिली, वर शिफारसही केली. खोटं बोलून रजा काढायची आणि मग त्याच माणसासमोर रोज बसायचं, हे मला जमलं नसतं.

साळावली · मंगळवार, रात्री १०.५२

तुमचे साहेब चांगले निघाले, कुळागर. माझे नव्हते. कुणाचे कसे निघतील हे सांगून झाल्यावरच कळतं.

भरतीवाला_म्हापसा · बुधवार, सकाळी ६.४०

कुळागर यांचा मुद्दा मी टाकून देणार नाही. खोटं बोलू नये हे मलाही वाटतं, आणि तेही व्यवहाराच्या कारणाने. आज दातांचा डॉक्टर, पुढच्या आठवड्यात मावशी आजारी, त्यापुढे बँकेत काम. तिसऱ्या वेळी साहेब पहिलं कारण आठवून विचारतात, ‘दात बरा झाला का?’ आणि आपला चेहरा सांगून जातो. रजेच्या अर्जात ‘खाजगी काम’ एवढंच लिहावं. ते खरं आहे आणि त्याच्या पुढे सहसा कुणी विचारत नाही. फक्त तुम्ही एरवीही तेवढंच लिहीत असायला हवं.

आणि आजारपणाची रजा नको. त्या दिवशी कुणी तुम्हाला वेर्ण्यात पाहिलं तर खाजगी काम होतं म्हणता येतं. तापाने झोपलेली बाई वेर्ण्यात काय करते?

मोगरा_फोंडा · गुरुवार, रात्री ९.४०

पहिली फेरी झाली. पस्तीस मिनिटं. क्यूसी हेड आणि एचआर. त्यांनी कॅलिब्रेशनवर आणि एका ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेर आलेल्या निकालाची चौकशी मी कशी केली त्यावर खोदून विचारलं, मी बरी बोलले असं वाटतं. शेवटी त्यांनीच विचारलं की पुढची फेरी प्लँटवर कधी जमेल. मी येत्या चौथ्या शनिवारचं विचारलं. त्यांचं काम चालू असतं, पण प्लँट हेड नेमके बाहेर आहेत. मग पुढच्या मंगळवारी अकरा वाजता ठरलं. मंगळवारची रजा टाकली, कारण ‘खाजगी काम’. पाच उरल्या, चवथीच्या चार गेल्या की एकच राहील, बघू.

आता दोन प्रश्न. एक, त्यांच्या फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क करू का’ असं विचारलंय. दोन, आणि हे जास्त काळजीचं: त्यांच्या क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात, आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी गेलेला एक सहकारी आहे. त्याची बायको अजून आमच्याकडे पॅकिंगला आहे. तो पॅनेलवर असला तर?

भरतीवाला_म्हापसा · गुरुवार, रात्री १०.२५

फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहा आणि पुढे ‘ऑफर स्वीकारून राजीनामा दिल्यानंतर हरकत नाही’ असं जोडा. कंपन्या पडताळणीचं काम बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीला देतात. तिथल्या माणसाला तुमची गोष्ट माहीत नसते, तो यादीतल्या नंबरवर फोन लावतो. म्हणून ही ओळ मेलमध्येही हवी, फॉर्मवर आणि मेलवर दोन्ही ठिकाणी. संदर्भासाठी नावं मागितली तर आधीच्या कंपनीतल्या साहेबांचं किंवा नोकरी सोडून गेलेल्या वरिष्ठांचं द्या.

मंगळवारी गेटवर एक लक्षात ठेवा. सुरक्षारक्षक पाहुण्यांची वही पुढे करतो. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, वेळ, सही. ‘कुठून आलात’ म्हटल्यावर लोक सवयीने कंपनीचं नाव लिहितात. ती वही दिवसभर टेबलावर उघडी असते आणि तुमच्यानंतर येणारा सगळं वरचं पान वाचून मग आपलं नाव लिहितो. सर्व्हिस इंजिनियर, केमिकल पुरवणारे, हे लोक त्याच दिवशी तुमच्याही गेटवर जातात. तिथे ‘फोंडा’ लिहा. खोटं नाही ते. गळ्यातलं ओळखपत्र आणि कंपनीची बॅग घरी ठेवा. असं म्हणालो की लोकांना वाटतं एवढंही कळत नाही का, पण आमच्या रिसेप्शनवर कंपनीचा लोगो असलेली बॅग मांडीवर घेऊन बसलेले कितीतरी पाहिलेत.

त्या सहकाऱ्याचं मी खात्रीने सांगू शकत नाही. एचआरला एवढं विचारता येतं: ‘माझे पूर्वीचे एक सहकारी तुमच्याकडे आहेत, माझी मुलाखत शक्यतो पॅनेलपुरतीच राहील ना?’ चांगला एचआर समजतो. पण बायोडेटा आत गेल्यावर तो कुणाच्या टेबलावर पोचतो हे त्याच्याही हातात पूर्ण नसतं.

निखळ · गुरुवार, रात्री १०.४८

मी तर आधी त्या सहकाऱ्यालाच फोन केला असता. त्याला इतरांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. विश्वासात घेतलं की माणूस सांभाळून घेतो.

साळावली · गुरुवार, रात्री ११.०५

आणि बायकोला सांगितलं तर? मी नाही करणार फोन.

कुळागर · शुक्रवार, सकाळी ७.३०

इथे मी निखळ यांच्या बाजूने आहे. तो स्वतः याच रस्त्याने गेलाय. त्यालाही कधी तरी कुणी सांभाळून घेतलं असेल.

मोगरा_फोंडा · शुक्रवार, रात्री ८.५०

फोन करायचा की नाही यावर दिवसभर विचार केला आणि अजून ठरत नाही. एचआरला मात्र मेल टाकला. उत्तर आलं की पॅनेलवर क्यूसी हेड, प्लँट हेड आणि एचआर एवढेच असतील, क्यूए नाही. तेवढं बरं वाटलं.

आज ती कँटीनमधली मुलगी परत शेजारी बसली. डबा उघडता उघडता हळूच म्हणाली, ‘मंगळवारी तू नाहीस म्हणे. माझा सिक्वेन्स लवकर आटपला तर तुझी दोन सॅम्पलं मी चढवीन.’ बाकी काहीच विचारलं नाही. मी तिला फक्त ‘हो, बरं होईल’ म्हटलं.

मंगळवारी बसने मडगावला आणि तिथून दुसऱ्या बसने नुव्यापर्यंत जाईन, पुढे भाऊ स्कूटरने सोडेल. फोंड्याहून लोटलीमार्गे सरळ गेले तर आमचेच ओळखीचे ड्रायव्हर भेटतात. साडेदहाला गेटवर पोचायचं असेल तर फोंड्याहून नऊला निघणं पुरेल का? त्या बाजूने कुणी रोज जात असेल तर सांगा.

तांबडी_माती · शुक्रवार, रात्री ९.१२

नऊला नको, साडेआठला निघ. लवकर पोचलीस तर नुव्यात कुठेतरी बसून घे, गेटसमोर थांबू नकोस. आणि स्कूटरवर हेल्मेट शेवटपर्यंत काढू नकोस.